खातं बंद पडलं तर पत्रात काय लिहायचं?

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत, ऑनलाइन विक्री करणाऱ्या गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत तीन-चार गटांनी एकच प्रश्न विचारला होता. ऑनलाइन बाजारात आपण माल ठेवतो, विक्री सुरू होते, आणि एक दिवस मोबाईलवर निरोप येतो की नियमभंगामुळे तुमचं विक्रेता खातं थांबवण्यात आलं आहे. आता काय करायचं? आज मी तेवढंच सांगणार आहे. खातं कसं उघडायचं, फोटो कसे काढायचे हे आज नाही. बंद पडलेलं खातं परत सुरू करण्यासाठी कंपनीला जे पत्र द्यावं लागतं, ते कसं लिहायचं एवढंच बघू. कंपनी त्याला सुधारणा आराखडा म्हणते, कुणी इंग्रजीत 'प्लॅन ऑफ ॲक्शन' म्हणतं. नाव काहीही असू द्या. आपण त्याला पत्रच म्हणू.

आपल्याच भागातल्या एका गटाचं उदाहरण घेऊन सांगते. गटाचं नाव घेत नाही, तायांनी तसं सांगितलंय. पण सगळा तपशील सांगा म्हणाल्या, म्हणजे दुसऱ्या गटाचे अठरा दिवस वाया जायला नकोत.

हा गट तीन वस्तू विकतो. नाचणीचं पीठ, तिळाची चटणी आणि शेवग्याच्या पाल्याची पावडर. दळायचं मशीन कर्जावर घेतलंय, त्याचा हप्ता दर महिन्याच्या 15 तारखेला 6,200 रुपये. ऑनलाइन विक्री बरी चालली होती. आणि 3 तारखेला, सोमवारी, खातं बंद. त्या वेळी कंपनीकडे गटाचे 31,400 रुपये जमा होते, ते थांबले. 26 ऑर्डर घरात पडून होत्या. हप्ता बारा दिवसांवर.

आधी निरोप नीट वाचा

तायांनो, निरोप आला की पोटात गोळा येतो, आणि आपण निरोप वाचायच्या आधीच उत्तर लिहायला बसतो. तसं करू नका. त्या निरोपात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, कोणता नियम मोडला. दुसरी, कोणत्या वस्तूबद्दल आहे. प्रत्येक वस्तूला कंपनीचा एक नंबर असतो, तो तिथे दिलेला असतो. तिसरी, उत्तर किती दिवसांत आणि कुठून द्यायचं. उत्तर विक्रेता खात्याच्या आतूनच द्यायचं असतं. खातं बंद असलं तरी आत जाता येतं, फक्त माल विकता येत नाही.

आपल्या गटाला आलेल्या निरोपात लिहिलं होतं, "शेवगा पावडरच्या पानावर आजार बरा होत असल्याचा दावा आहे." त्या पानावर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की ही पावडर मधुमेह आणि रक्तदाब बरा करते.

ही ओळ का चालत नाही, ते समजून घेऊ. आपण म्हणतो, शेवगा चांगलाच असतो, आजीपण सांगायची. बरोबर आहे. पण आपण विकतो ते अन्न, औषध नव्हे. अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा लेबलवर किंवा जाहिरातीत करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी बंदी आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांच्यासाठी तर त्याच्याही आधीपासून, 1954 पासून वेगळा कायदा आहे. हे दोन आजार बरे करतो अशी जाहिरात त्या कायद्याने करता येत नाही. यामागे कारण आहे. एखाद्या माणसाने आपली पावडर खाऊन साखरेची गोळी बंद केली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून कंपनी या बाबतीत समजूत देत बसत नाही, खातं थांबवते.

पहिलं पत्र का गेलं वाया

गटाच्या सचिव ताईंनी त्याच रात्री पत्र पाठवलं. त्यातला मजकूर साधारण असा होता:

"आम्ही ग्रामीण भागातील गरीब महिला आहोत. आमचं कुटुंब यावरच चालतं. आम्हाला या नियमाची कल्पना नव्हती. पानावरचा मजकूर फोटो काढणाऱ्या मुलाने टाकला, त्यात आमची चूक नाही. यापुढे असं होणार नाही याची आम्ही ग्वाही देतो. कृपया आमचं खातं लवकरात लवकर सुरू करावं."

बुधवारी उत्तर आलं, दिलेली माहिती अपुरी आहे.

आता या पत्रात खोटं एक अक्षर नाही. तरी ते का चाललं नाही? कारण वाचणाऱ्या माणसाला ज्या तीन गोष्टी हव्या असतात, त्यातली एकही त्यात नाही. त्याला विचारायचं असतं, हे घडलं का? तुम्ही आत्तापर्यंत काय दुरुस्त केलं? आणि पुन्हा घडू नये म्हणून कोणती पद्धत बसवली? बस, एवढंच. आपली परिस्थिती हलाखीची आहे हे त्याला कळलं, तरी त्यावर त्याला निर्णय देता येत नाही. त्याने खातं उघडलं आणि उद्या तीच ओळ परत दिसली, तर जबाब त्याला द्यावा लागतो. म्हणून "यापुढे असं होणार नाही" हे वाक्य त्याच्या काही कामाचं नाही. का होणार नाही, ते त्याला हवं असतं.

आपल्याला अर्ज लिहायची सवय आहे. तहसीलला, बँकेला अर्ज लिहितो तेव्हा आपण अडचण सांगतो आणि विनंती करतो. हे पत्र त्या जातीचं नाही. गटाचा हिशोब लेखापरीक्षणाला देतो ना, तसं हे आहे. वही उघडून दाखवायची. विनंती शेवटच्या एका ओळीत.

दुसऱ्या दिवशी करायचं काम

मंगळवारी मला फोन आला. मी आधी 26 ऑर्डरचं विचारलं. खातं बंद झालं म्हणून घेतलेल्या ऑर्डर सोडून द्यायच्या नसतात. गिऱ्हाईकाने पैसे भरलेत, माल वेळेत गेला पाहिजे. नाही गेला तर दुसरा नियमभंग मागे लागतो. त्या 26 पैकी 15 ऑर्डर पीठ आणि चटणीच्या होत्या, त्या त्याच दिवशी रवाना केल्या. 11 ऑर्डर शेवग्याच्या होत्या. त्या गिऱ्हाइकांनी ती मधुमेहाची ओळ वाचून पावडर मागवलेली असू शकते, म्हणून त्या रद्द करून पैसे परत करायला सांगितलं.

आता यात एक अडचण आहे. ऑर्डर रद्द केल्या की त्याचीही नोंद विक्रेत्याच्या नावावर होते. ॲमेझॉनच्या नियमात, विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डर शेकडा अडीचच्या आत हव्यात. 26 मधल्या 11 म्हणजे कितीतरी जास्त. म्हणून पत्रात आपणच लिहायचं, की या 11 ऑर्डर आम्ही का रद्द केल्या. आपण न सांगता त्यांना दिसलं तर संशय, आपण आधी सांगितलं तर खुलासा.

"का?" किती वेळा विचारायचं

शुक्रवारी आम्ही सगळ्या गटाच्या खोलीवर बसलो. मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, ती ओळ पानावर का आली?

उत्तर आलं, मुलाने टाकली म्हणून. मुलाला बोलावलं. तो म्हणाला, दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावरून मजकूर उचलला, सगळे असंच लिहितात.

बऱ्याच जणी इथे थांबतात. मुलाची चूक, मुलगा बदला, झालं. पण मुलगा बदलला तर नवा मुलगा पण उचलेलच की. म्हणून पुढे विचारलं, त्याने टाकलेली ओळ पानावर गेलीच कशी, कुणी अडवली का नाही? उत्तर, कुणी वाचली नाही. का नाही वाचली? मजकूर इंग्रजीत होता, आणि खात्याचा पासवर्ड त्या मुलाकडेच होता. तो टाकायचा, त्या सरळ गिऱ्हाइकाला दिसायच्या. बरं, असं का होतं? गटात पीठ दळायला कोण, पॅकिंगला कोण, हिशोबाला कोण, हे ठरलंय. पानावर काय लिहिलंय ते तपासायचं काम मात्र कुणाच्याच नावावर नव्हतं.

इथे सगळ्या गप्प झाल्या. हे खरं कारण.

खऱ्या कारणापर्यंत पोचलो हे कसं ओळखायचं? दोन खुणा सांगते. एक, ते कारण दूर केलं तर तीच चूक दुसऱ्या माणसाच्या हातूनही होऊ नये. दोन, ते दूर करणं आपल्या हातात असावं. "बाजारात सगळे असंच लिहितात" हे आपल्या हातात नाही. "इंग्रजी येत नाही" हे एका आठवड्यात बदलणार नाही. "तपासायचं काम कुणाचंच नाही" हे मात्र एका ठरावाने बदलतं.

फक्त पकडलेली चूक नको, सगळी घरं झाडा

कंपनीने एका पानावर बोट ठेवलं होतं. आम्ही तिन्ही वस्तूंची पानं उघडली. कॉलेजला जाणारी एका ताईंची मुलगी होती, तिने ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. नाचणीच्या पानावर निघालं, "मधुमेहींसाठी औषधी". चटणीचं पान साफ होतं. मग मी म्हटलं, पाकिटं आणा. शेवग्याच्या स्टिकरवर पण तीच ओळ छापलेली.

आता विचार करा, आपण फक्त शेवग्याच्या पानावरची ओळ पुसून पत्र दिलं असतं, तर काय झालं असतं? तपासणारा माणूस बाकीची पानं बघतोच. नाचणीचं पान त्याला दिसलं असतं आणि दुसरं पत्र पण वाया गेलं असतं.

मग दुरुस्ती काय काय केली ते ऐका. दोन्ही पानांवरच्या दाव्याच्या ओळी काढल्या. जुन्या स्टिकरची उरलेली दोन बंडलं कापून टाकली, कापताना फोटो काढला. भरून ठेवलेली 40 पाकिटं होती, त्यांचं स्टिकर बदललं. इथे एक लक्षात ठेवा, स्टिकर बदलताना बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख जुनीच ठेवायची. नवं स्टिकर म्हणून नवी तारीख टाकली तर ती फसवणूक होते.

नवीन मजकुरात काय लिहिलं? "वाळवलेली शेवग्याची पानं, दुसरं काही मिसळलेलं नाही." आणि भाजीत, पिठात किती चमचे घालायची ते. एक ताई म्हणाल्या, लोह भरपूर आहे असं तरी लिहू. मी म्हटलं, तपासणीचा कागद आहे का? अमुक भरपूर, तमुकचा उत्तम स्रोत, असं लिहायलाही ठरलेलं प्रमाण लागतं आणि ते प्रयोगशाळेतून सिद्ध करावं लागतं. कागद नाही तोवर लिहायचं नाही.

ठराव, आणि तोही नावानिशी

मग पुढची पद्धत ठरवली. पहिल्यांदा कुणीतरी सुचवलं, "सर्वांनी लक्ष ठेवावं." तायांनो, सर्वांनी म्हणजे कुणीच नाही. पद्धत लिहायची तर कोण, कधी आणि कोणत्या कागदावर, ही तिन्ही उत्तरं त्यात हवीत. गटाने ठराव वहीत तीन ओळींचा ठराव केला. खात्याचा पासवर्ड सचिवांकडे राहील, मुलगा फक्त मसुदा करून देईल. कोणताही मजकूर पानावर किंवा स्टिकरवर जाण्याआधी मराठीत वाचला जाईल आणि तपासणी कागदावर दोघींच्या सह्या होतील. दर महिन्याच्या पहिल्या बैठकीत सगळी पानं एकदा उघडून वाचली जातील.

तपासणी कागदावर पाचच प्रश्न आहेत. आजाराचं नाव आहे का? बरं होतं, औषधी, रामबाण असा शब्द आहे का? पानावरचं वजन आणि पाकिटावरचं वजन एकच आहे का? अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी नंबर फोटोत स्पष्ट दिसतो का? फोटो आपल्याच मालाचा आहे का? बस.

दुसरं पत्र

ही सगळी कामं झाल्यावर, 12 तारखेला पत्र पाठवलं. काम आधी, पत्र नंतर. "करणार आहोत" असं लिहिण्यापेक्षा "केलं आहे" असं लिहिता आलं पाहिजे, म्हणून ते पाच दिवस थांबलो. पत्र आधी मराठीत लिहिलं, सगळ्यांना वाचून दाखवलं, मग त्या मुलीने इंग्रजी केलं. मराठी मसुदा असा:

"विषय: शेवगा पावडरच्या पानावरील आजारविषयक दाव्याबाबत सुधारणा आराखडा.

कारण: आमच्या शेवगा पावडरच्या पानावर ती मधुमेह व रक्तदाब बरा करते असा दावा होता. हा दावा चुकीचा होता व तुमच्या नियमाविरुद्ध होता. मजकूर दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावरून घेतला गेला होता. प्रसिद्ध होण्यापूर्वी मजकूर तपासण्याची जबाबदारी आमच्या गटात कोणावरही सोपवलेली नव्हती, हे मूळ कारण आहे.

केलेली दुरुस्ती: 1. शेवगा पावडरच्या पानावरील दावा 7 तारखेला काढला. 2. आमच्या तिन्ही वस्तूंची पाने तपासली. नाचणी पिठाच्या पानावरही असा एक शब्द आढळला, तोही त्याच दिवशी काढला. 3. शेवगा पावडरच्या स्टिकरवर हाच दावा होता. जुनी स्टिकर नष्ट केली, 40 पाकिटांवर नवीन लावली. बॅच नंबर व तारीख बदललेली नाही. 4. शेवगा पावडरच्या 11 ऑर्डर 4 तारखेला रद्द करून ग्राहकांचे पैसे परत केले. उरलेल्या 15 ऑर्डर त्याच दिवशी पाठवल्या.

पुढील पद्धत: 1. खात्याचा पासवर्ड फक्त सचिवांकडे राहील. 2. प्रत्येक नवीन मजकूर तपासणी कागदावर दोन सदस्यांच्या सहीनंतरच प्रसिद्ध होईल. 3. दर महिन्याला सर्व पानांची तपासणी होईल व तिची नोंद ठराव वहीत राहील. ही पद्धत 7 तारखेच्या ठरावाने लागू झाली आहे.

सोबत: ठरावाची प्रत, तपासणी कागद, जुन्या व नवीन स्टिकरचे फोटो, अन्नसुरक्षा नोंदणी प्रमाणपत्र.

खाते पुन्हा सुरू करावे ही विनंती."

बघा, केवढंसं पत्र आहे. यात मुलाचं नाव नाही, गिऱ्हाइकाला दोष नाही, कंपनीवर राग नाही. आणि जे कंपनीने विचारलं नव्हतं, नाचणीचं आणि स्टिकरचं, ते आपण स्वतः सांगितलंय. ते वाचल्यावर समोरच्याला खात्री पटते की यांनी खरंच तपासलंय.

तरी एक गोष्ट राहिलीच

17 तारखेला उत्तर आलं. खातं उघडलं नव्हतं, पण या वेळी "अपुरी" असं मोघम नव्हतं, नेमका प्रश्न होता. आमच्या गोदामात तुमची 18 पाकिटं आहेत, त्यांचं काय? गटाने काही माल कंपनीच्या गोदामात ठेवला होता, आणि त्यावर जुनं स्टिकर होतं. दुसऱ्या दिवशी ती पाकिटं परत मागवण्याची नोंद खात्यातून केली, तिचा नंबर उत्तरात दिला. पूर्ण पत्र पुन्हा पाठवलं नाही, विचारलं तेवढंच सांगितलं.

21 तारखेला खातं सुरू झालं. नाचणी आणि चटणी विकायला मोकळी झाली. शेवगा पावडरचं पान मात्र अजून बंद आहे, त्याची तपासणी वेगळी चालू आहे. थांबलेले पैसे नंतरच्या हिशोबात जमा झाले. पण 15 तारखेचा हप्ता तर त्याच्या आधी आला होता. तो ग्रामसंघाकडून अंतर्गत कर्ज घेऊन भरावा लागला, त्याचं व्याज गटावर पडलं. पत्र चांगलं लिहिलं म्हणून नुकसान शून्य होत नाही, हे सांगायला हवं.

आणि पत्र चांगलं असलं तरी खातं परत मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. नकली माल विकला, किंवा खोटं बिल जोडलं, तर बहुतेक वेळा दार कायमचं बंद होतं. म्हणून बिल नसेल तर बिल नाही असं लिहा. दुसऱ्याकडून बनवून जोडू नका.

उशिराच्या तक्रारीला हेच तीन प्रश्न

एक ताई मघाशी म्हणाल्या, आमचं दाव्याचं नाही, माल उशिरा जातो म्हणून नोटीस आली. त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲमेझॉनच्या नियमात, विक्रेता स्वतः माल पाठवत असेल तर उशिरा रवाना झालेल्या ऑर्डर शेकडा चारच्या आत लागतात. म्हणजे 50 ऑर्डरमध्ये दोन उशिरा गेल्या की आपण काठावर.

पत्रात "यापुढे लवकर पाठवू" असं लिहिलं तर परत तेच होईल. का उशीर होतो ते विचारा. त्या ताईंनी सांगितलं, आमच्या गावात कुरिअरवाला मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो. आणि खात्यात काय भरलंय? एका दिवसात माल रवाना करू. मग शनिवारी आलेली ऑर्डर मंगळवारपर्यंत जाणारच नाही, कितीही जागलात तरी. इथे बायकांचा आळस नाही, आकडा चुकीचा भरलाय. दुरुस्ती म्हणजे खात्यात एक दिवसाऐवजी तीन दिवस करा. पद्धत म्हणजे आपल्यापैकी एकीने कुरिअरच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या ऑर्डर उतरवून घ्यायच्या आणि वहीत लिहायच्या. आणि कुरिअरच्या पावत्या पत्राला जोडा. झालं पत्र.

चार गोष्टी अजिबात करू नका

खातं बंद असताना नवऱ्याच्या किंवा जावेच्या नावाने दुसरं खातं उघडू नका. बँक खातं, पॅन, मोबाईल, पत्ता यावरून कंपनीला लगेच कळतं की दोन्ही घरं एकच आहेत. मग पहिलं खातं परत मिळायची आशाही जाते.

एका दिवसात चार-चार पत्रं पाठवू नका. प्रत्येक पत्र तपासलं जातं, आणि अर्धवट पत्र गेलं की पुढच्याकडे संशयाने बघतात. उत्तर येईपर्यंत थांबा.

"दोन हजार द्या, खातं उघडून देतो" असे फोन येतात. त्यांना पासवर्ड आणि ओटीपी देऊ नका. ते तेच तयार पत्र सगळ्यांना विकतात. आपल्या गटात काय घडलं, हे त्या पत्रात कुठून येणार?

आणि चौथी गोष्ट, निरोप पुसून टाकू नका. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारीख दिसली पाहिजे. गटाच्या फाईलला त्याची प्रत लावा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या एका वस्तूचं ऑनलाइन पान छापून आणा. इंग्रजीत असलं तरी आणा, आपण इथे मराठीत वाचू आणि ते पाच प्रश्न लावून बघू. ज्या गटाला सध्या नोटीस आलेली आहे, त्यांनी नोटीस आणि ठराव वही दोन्ही घेऊन या, बैठकीनंतर मी थांबेन.